एक कान आणि उभी चौकट

आमच्या ह्यांच्या कॅमेऱ्याचा एकच धर्म आहे: कुणी कापला जाता कामा नये. लग्न असो, बारसं असो नाहीतर पतपेढीची सभा असो, हे तिपाई लांब नेऊन उभी करणार आणि चित्र इतकं रुंद धरणार, की स्टेजच्या या टोकाला समई लावणारा आणि त्या टोकाला पेढे वाटणारा असे दोघंही त्यात बसले पाहिजेत. यामागे कारण आहे. आमचं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते तेव्हा नाते गावातल्या एका लग्नात ह्यांच्या हातून नवरदेवाच्या मामांचा फेटा आणि अर्धा चेहरा कापला गेला. ते मामा अजूनही महाडच्या बाजारात समोर आले, की आमच्याकडे न बघता पलीकडच्या दुकानाची पाटी वाचत निघून जातात. इतक्या वर्षांत ती पाटी त्यांची तोंडपाठ झाली असेल.

शूटिंग ह्यांचं आणि कापाकापी माझी, अशी आमच्या स्टुडिओत पहिल्यापासून वाटणी आहे. स्टुडिओ बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर आहे. खाली गाळा मिळत होता, पण मी ऐकलं नाही. सावित्री नदीचं पाणी बाजारात शिरतं तेव्हा ते संगणक बघून थांबत नाही. तर वरच्या त्या खोलीत पंख्याखाली बसून मी दिवसभर लोकांची लग्नं कापत असते. माझा स्वभाव तापट आहे असं सासरी म्हणतात. मी म्हणते, पाच तासांच्या चित्रणात चार तास लोक जेवताना बघा, मग कुणाचा स्वभाव कसा राहतो ते बोलू.

मग रील आलं. आधी हिरकणीवाडीच्या खानावळवाल्यांनी मागितलं, मग क्लासवाल्यांनी, मग तर बारशालाही लोक विचारायला लागले, "आडवं नको, मोबाईलभर उभं पायजे." आमच्या ह्यांना वाटलं, त्यात काय, रुंद चित्र उभ्या पडद्यात बसवून टाकू. त्यांनी पहिलं रील तसंच बनवलं. मध्ये एक चिंचोळी पट्टी, तिच्यात मुंग्यांएवढी माणसं आणि वर-खाली धूसर रंग. कुणी कापलं गेलं नव्हतं हे खरं, पण कुणी ओळखूही येत नव्हतं.

मी त्यांना पुठ्ठा कापून समजावलं. टीव्हीच्या पडद्यावर पुठ्ठ्याची उभी चौकट धरली आणि म्हटलं, "हे बघा. पूर्ण उंची घेतली तर रुंदीचा तिसरा हिस्साही उरत नाही. बाकी सगळं बाहेर. म्हणून बोलणारा माणूस कुठे आहे ते बघायचं, चौकट त्याच्यावर ठेवायची आणि तो सरकला की चौकट सरकवायची." हे बराच वेळ त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे बाकीचे सगळे मामा." मी म्हटलं, हो, बाकीचे सगळे मामा. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत.

अशात आमच्याकडे सरपंचबाई आल्या.

पोलादपूरच्या बाजूला डोंगरात त्यांचं गाव आहे. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा त्यांच्या यजमानांनी त्यांना उभं केलं आणि त्या निवडून आल्या. तेव्हापासून अख्खं गाव यजमानांना 'सरपंच' म्हणतं आणि बाईंना 'वैनी'. यजमान माणूस वाईट नव्हे. उंच, भरघोस मिशीचे, कुणाच्याही मयताला आणि लग्नाला सगळ्यांत आधी हजर. फक्त बायको बोलायला उभी राहिली की हे तिच्या कोपराशी उभे. भाषण यांनीच लिहिलेलं असतं आणि ती वाचत असताना यांचे ओठ तेच शब्द पुटपुटत असतात.

बाई एकट्याच आल्या होत्या, एसटीने. पर्समधून रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "ताई, आमचे निम्मे लोक मुंबईला, नि उरलेले एमआयडीसीच्या पाळ्यांवर. सभेला कोण येत नाय, पण मोबाईल सगळे बघतात. आमच्या टाकीचं उद्घाटन हाय. माझं बोलणं तेवढं कापून टाका मोबाईलवर."

"टाकते की. यजमान काय म्हणतात?"

"त्यांचंच तर हाय." त्यांनी रुमालाची घडी घातली. "खुर्चीवर मी बसते, ताई. लोकं माझ्याकडं बघतात नि त्यांच्याशी बोलतात. टाकीचं पाणी आधीच सुरू झालंय, पण वरच्या वाडीत चढत नाय. बायका कावलेल्या हायत. पण एक बाई माझ्याकडं आली नाय. फोन यांनाच. मला कळतं ते चुलीपाशी, ते सांगतील तेव्हा. लोकांनी एकदा मला बोलताना बघितली ना, तर मलाच इचारतील."

एवढंच त्यांना हवं होतं. मला ती बाई तिथेच आवडली. मी म्हटलं, तुम्ही मधोमध दिसाल, ते माझ्याकडे लागलं.

माझं बोलणं आणि आमच्या घरचा कारभार यांत मात्र नेहमीच थोडं अंतर असतं.

उद्घाटनाला हे गेले आणि धर्माला जागून असं रुंद चित्र घेऊन आले, की स्टेजवरचे पाहुणे, मागची टाकी, टाकीमागचा डोंगर आणि डोंगरावरची गुरंसुद्धा त्यात होती. मधोमध सरपंचबाई, त्यांच्या कोपराशी यजमान. माझ्यासमोर तेव्हा दोन लग्नं पडून होती आणि दोन्हीकडचे वरपिते रोज फोन करून माझं डोकं खात होते. म्हणून मी एक बटण दाबलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे. ते चित्रातला चेहरा ओळखतं आणि उभी चौकट आपोआप त्याच्यामागे सरकवत नेतं. सुरुवातीचा तुकडा मी बघितला. बाई छान मधोमध होत्या. बाकीचं तयार होईपर्यंत भाजी घेऊन येते म्हणून मी खाली उतरले.

परत येते तर आमचे हे खुशीत बसलेले. "अगं, टाकलं सुद्धा. सरपंचांचा फोन आला, घाई होती त्यांना." मोबाईलवरच्या गावाच्या पानावर आमच्याकडूनच सगळं जायचं, त्यामुळे टाकायला वेळ लागला नव्हता. मी पिशवी हातात धरूनच ते रील लावलं.

पहिले काही क्षण ठीक होतं. मग बाई कागद वाचायला खाली वाकल्या. मान खाली गेली की चेहरा दिसत नाही, आणि चेहरा दिसला नाही की ते बटण बिचारं दुसरा चेहरा शोधतं. शेजारीच मोठा, मिशीवाला, कॅमेऱ्याकडे बघणारा चेहरा होता. चौकट हळूच सरकली आणि यजमानांवर जाऊन बसली ती शेवटपर्यंत हलली नाही. बाईंचा फक्त एक खांदा उरला. आणि यजमानांचे ओठ तर हलतच होते. अक्षरन् अक्षर जुळत होतं. भरघोस मिशीचा तो धिप्पाड गडी बाईच्या गोड आवाजात सांगत होता, "मी या गावची सून म्हणून, एक माता म्हणून, आज आपल्यापुढे उभी आहे."

मी मटकन खुर्चीत बसले. मला हसू आवरेना. पिशवीतली भेंडी सगळ्या खोलीभर झाली.

आम्ही ते काढून टाकलं, पण तोवर ते एमआयडीसीच्या पाळीच्या बसमध्ये पोचलं होतं आणि बसमधून सगळ्या वस्तीत. कुणी खाली लिहिलं होतं, "सरपंच, घसा बसला काय?" कुणी लिहिलं होतं, "माता, दर्शन द्या." आमच्या खालच्या चहावाल्याने मला विचारलं, की हे मुद्दाम केलं का, आणि नाही म्हटल्यावर तो नाराज झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मोटरसायकल आली. जिना चढून यजमान वर आले ते दारातच उभे राहिले. "वैनी, माझ्या तोंडात बाईचा आवाज टाकला कुणी?"

"टाकला नाही कुणी. आवाज तिथलाच आहे. चौकट चुकली," मी म्हटलं.

"चौकट कशी चुकल? मी काय चौकटीत घुसलो?"

"नाही. तुम्ही ओठ हलवत होतात."

"माझंच भाषण हाय. हलणार नाय तर काय?"

आमचे हे मध्ये पडले, चहा मागवला, चूक आमची आहे असं चारदा म्हणाले. यजमान चहा पिऊन गेले, पण जाताना दारातून म्हणाले, "आता पोलादपूरला चौकात उभा राह्यलो तर लोकं ओवाळायला येतील मला." मला पुन्हा हसू आलं आणि मी ते खोकल्यात दडवलं.

सरपंचबाई संध्याकाळी आल्या. मला वाटलं, रडतील नाहीतर भांडतील. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं हाय ना ते अजून? घरी ते बघू देत नायत." मी लावलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि हसत सुटल्या. पोट धरून हसल्या, डोळ्यांतून पाणी आलं, पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा हसल्या. मग पदराने डोळे पुसून पदर खांद्यावर नीट केला.

"हसली मी," त्या म्हणाल्या. "पण माझं बोलणं कुणी ऐकलंच नाय गो ताई. आता तर मी नुसता आवाजच राह्यली."

हे मात्र मला लागलं. माझा राग नाकावर असतो हे खरं, पण त्या दिवशी तो दुसऱ्या कुणावर काढायला जागाच नव्हती. त्या गेल्यावर मी दोन्ही लग्नं बाजूला सारली, दोन्ही वरपित्यांचे फोन वाजू दिले आणि हाताने काम करायला बसले.

हाताने म्हणजे असं. चित्र पुढे नेत जायचं आणि जिथे बोलणारा हलला तिथे खूण करायची, की या घडीला चौकट इथे हवी. पुढे जाऊन दुसरी खूण करायची, की आता तिथे. मधलं अंतर सॉफ्टवेअर स्वतः सरकतं. नवखे लोक जागोजागी खुणा करतात, माणूस जरा डुलला की चौकट हलवतात, आणि मग बघणाऱ्याला पोलादपूरहून महाबळेश्वरचा घाट चढल्यासारखं मळमळतं. माणसाला थोडं डुलू द्यायचं असतं. तो मधून फारच बाहेर गेला, की मग हळूच त्याच्यामागे जायचं. डोळे पडद्याच्या वरच्या भागात आणि डोक्यावर थोडी मोकळी जागा ठेवायची. हात हलवून बोलणारी बाई असेल तर फार जवळ जायचं नाही, नाहीतर बोटं तुटतात.

बाई मधोमध आल्या. वाकल्या तरी मधोमधच राहिल्या. चित्र थोडं पुसट झालं, कारण ह्यांनी दुरून काढलेल्या रुंद चित्राचा तुकडा ताणून मोठा केला की तो पुसट होणारच. पण बाई दिसत होत्या. फक्त उजव्या कडेला एक अडचण होती. चौकट बरोबर बाईंवर ठेवली की यजमानांचा एक कान आणि अर्धी मिशी आत यायची. थोडी डावीकडे सरकवली तर कान जायचा, पण बाई मध्यावरून ढळायच्या. मी विचार केला आणि कान राहू दिला.

हे रील लोकांनी बघितलं. कोणी हसलं नाही म्हणता येत नाही, कारण कान होताच. पण वाडीतल्या एका सुनेने लिहिलं, "वैनी छान बोलतात." तेवढं एकच, पण बाईंनी त्याचा फोटो काढून मला पाठवला.

यजमान पुन्हा आले. यावेळी ओरडले नाहीत. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "वैनी, रागावू नका. पण कान? माणसाचा नुसता कान? माझी बहीण ठाण्याहून फोन करून इचारते, दादा, तुझा बाकीचा भाग कुठं हाय?"

"तुम्ही कडेला उभे राहता म्हणून."

"मग कुठं उभा राहू? ग्रामसभा हाय पुढं. यायला तर पायजे मी त्यात. नाय आलो तर लोकं म्हणतील, बायकोनं काढला. नि आलो तर परत आवाजाचं काय झालं तर..." त्यांच्या चेहऱ्यावर खरीच भीती होती. बाईच्या आवाजात बोलायची.

आता इथे मी जे केलं ते मी आमच्या ह्यांनाही अजून सांगितलेलं नाही. ते बटण चेहरा बघतं, ओठांचं त्याला काही कळत नाही. पण मी गंभीर चेहऱ्याने यजमानांना म्हटलं, "हे बघा, हे मशीन ओठ बघतं. ज्याचे ओठ हलले त्याला धरून मध्ये आणतं आणि ज्याचा आवाज चालू असेल तो त्याच्या तोंडात जातो. तुम्ही बाईंच्या मागे उभे राहा, पूर्ण दिसाल. फक्त तोंड घट्ट मिटून ठेवायचं. जराही हललं, की मग माझ्या हातात काही नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

त्यांनी तिथेच ओठ मिटून बघितले. मिशी थोडी पुढे आली. मी म्हटलं, शोभून दिसतं.

ग्रामसभेला मी स्वतः गेले. तिपाई कुठे लावायची यावरून आमचं वाटेतच भांडण झालं होतं. मी म्हटलं, जवळ लावा आणि मोठ्या साइजवर घ्या, म्हणजे उभा तुकडा काढला तरी चेहरा स्वच्छ राहील. हे म्हणाले, कार्ड भरतं. मी म्हटलं, भरू दे. शेवटी तिपाई अर्ध्या वाटेवर लागली, आमच्या संसारातल्या बहुतेक गोष्टींसारखी.

देवळापुढच्या मंडपात सभा होती. नेहमीपेक्षा लोक जास्त होते आणि बरेचसे यजमानांना बघायला आले होते हे उघड होतं. ग्रामसेवकांनी आधीच्या सभेचं वाचून दाखवलं. बाई उठल्या, कागद उघडला. यजमान त्यांच्या बरोबर मागे जाऊन उभे राहिले, हात पाठीशी, ओठ मिटलेले. मंडपात कुणीतरी फिसकन हसलं. यजमानांनी ओठ आणखी आवळले.

बाई दोन ओळी वाचतात न वाचतात तोच मागच्या बाजूने एक म्हातारी उठली. वरच्या वाडीतली, काठी टेकत पुढे आली. ती बाईंकडे बघत होती, पण बोलली मागच्या मिशीशी. "सरपंच, टाकीवर हार घातलात. वर पाणी कवा घालणार? आमच्या नळाला नुसती हवा येते रे."

सगळ्यांच्या माना यजमानांकडे वळल्या. बाईंचीही वळली, सवयीने. यजमानांनी श्वास घेतला, मिशी हलली, आणि तेवढ्यात त्यांची नजर कॅमेऱ्यावर गेली. त्यांनी गपकन रुमाल काढला आणि तोंडावर धरला.

म्हातारी वाट बघत राहिली. "दात दुखतो काय रे?" तिने विचारलं.

यजमानांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. आता हसू फुटणार असं मला वाटलं. हा गोंधळ मी घातला होता. यात हसणं झालं असतं तर ते पुन्हा बाईंच्याच अंगावर गेलं असतं. मी कॅमेऱ्याच्या मागे उभी होते आणि मनातल्या मनात त्या बाईला म्हणत होते, बोल, आता तू बोल.

बाईंनी यजमानांच्या रुमालाकडे बघितलं. मग हातातल्या कागदाकडे. कागदात पाण्याचं काही नसणार, आभारच असणार. त्यांनी तो घडी करून खुर्चीवर ठेवला आणि स्टेजवरून खाली उतरून म्हातारीपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"आजी, हवा येते ती चावीमुळं," त्या म्हणाल्या. आवाज जरा कापत होता. "टाकी भरली की पहिली आमच्या खालच्या आळीची चावी उघडतात, रोज बघते मी. खाली सगळं पाणी पळतं. वर चढायला दाब राहतच नाय. उद्यापासून पहिली तुमची चावी उघडायची. तुमचं भरलं की मग आमची."

खालच्या आळीतून कुणीतरी म्हणालं, "मग आमी काय करायचं?"

"थोडं थांबायचं," बाई त्याच्याकडे वळून म्हणाल्या. आता आवाज कापत नव्हता. "माझं घर खालच्याच आळीत हाय. मी पण थांबीन. नि उद्या चावी उघडताना मी तिथं उभी राहणार हाय, त्यामुळं कुणी मधीच फिरवायला येऊ नका."

यजमानांच्या रुमालामागून काहीतरी आवाज आला. खालच्या आळीत त्यांची सगळी भावकी. पण कॅमेरा चालू होता. रुमाल खाली आला नाही.

म्हातारी बाईंकडे बघत राहिली. मग तिने काठी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा हात बाईंच्या दंडावर ठेवला. "तुला ठावं व्हतं तर आधी का नाय सांगितलंस गो?"

"आधी मला कुणी इचारलंच नाय, आजी."

हे रील कापायला मला फार वेळ लागला, आणि तो मी आनंदाने लावला. बाई स्टेजवरून उतरतात तिथे चौकट त्यांच्यामागे हळूच खाली न्यायची होती. मोठ्या साइजवर घेतलं होतं म्हणून तेवढी मोकळीक होती. पुढे एक पेच आला. म्हातारी बोलते तेव्हा बोलणारी ती आहे, मग मधोमध ती हवी. पण ती बोलत असताना बाईंचा ऐकणारा चेहरा मला सोडवेना. शेवटी मी पडदा आडवा विभागला. वर म्हातारी, खाली बाई, दोघी आपापल्या जागी मधोमध. एकीचा प्रश्न आणि दुसरीचं उत्तर एकाच उभ्या पडद्यात बसलं. मागच्या कुणाचा फेटा कापला गेला, कुणाचे पाय, ग्रामसेवकांचं तर फक्त पोट राहिलं. आमचे हे शेजारी उभे राहून बघत होते. मला वाटलं आता मामा निघणार. पण ते म्हणाले, "राहू दे असंच."

यजमानांना मी एका ठिकाणी पूर्ण ठेवलं. सुरुवातीला, बाईंच्या मागे, तोंड मिटून. दिलेला शब्द मी पाळते.

रील गेलं. आठवडाभराने यजमान त्या सभेचं अख्खं आडवं चित्रण पेन ड्राइव्हवर घ्यायला आले. ते कॉपी होईपर्यंत ते माझ्यासमोर बसून होते. पडद्यावर त्यांच्या बायकोचा चेहरा थांबलेला होता. ते त्याच्याकडे बघत होते, मग नजर काढत होते, मग पुन्हा बघत होते.

"चांगली बोलली," ते म्हणाले. मग म्हणाले, "चावीचं तिला कसं कळलं, मला ठाऊक नाय. मला कधी बोलली नाय."

मी कॉपी कुठवर आली ते बघितलं. माझ्यासारख्या बाईला गप्प राहणं किती जड जातं ते आमच्या ह्यांना विचारा.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होता. वाडीतली कुणीतरी बाई होती. "सरपंच हायत काय?"

"बोला, बोला," यजमान सवयीने म्हणाले.

"तुमी नाय. सरपंच. वैनी. त्यांच्याशी बोलायचं व्हतं. नंबर द्या ना त्यांचा."

यजमानांनी फोन कानावरून काढला आणि बायकोचा नंबर शोधायला लागले. पाठ नव्हता. अंगठ्याने बराच वेळ नावं वर-खाली केली आणि शेवटी सापडला. मला समोरून दिसत होतं. नंबरवर नाव होतं 'घर'.

त्यांनी नंबर एकेक आकडा करून सांगितला, पुन्हा एकदा म्हणून घेतला आणि फोन ठेवला. मग तो पडदा माझ्यापुढे धरला.

"वैनी, हे नाव बदलायचं कुठं?"

मी दाखवलं. त्यांनी 'घर' पुसलं. जाड बोटाने एकेक अक्षर शोधत 'सरपंच' लिहिलं, दोनदा चुकलं, दोनदा पुसलं. झाल्यावर बरोबर झालंय का बघायला त्यांनी तो नंबर लावला. पलीकडे रिंग वाजली आणि कुठल्याशा गडबडीतून, कोण आहे ते न बघताच, बाईंचा आवाज आला, "बोला, सरपंच बोलते."

यजमानांनी तोंड उघडलं, मग माझ्याकडे बघितलं आणि खुर्चीत जरा सावरून बसले.

"मी बोलतोय," ते म्हणाले. "वरच्या वाडीतून तुमाला फोन येईल. तेवढा घ्या."